आजीने सांगूनच जावे: बालवाडीच्या दारात रडणाऱ्या मुलाविषयी

प्रश्न : आमच्या गावच्या बालवाडीत मी गेल्या वर्षापासून शिकवते. वर्ग सकाळी ९ ते १२ असतो. मी आणि एक मदतनीस अशा दोघी आहोत, मुले १८ आहेत. जूनमध्ये वर्ग सुरू झाल्यापासून सव्वातीन वर्षांचा एक मुलगा रोज दारात आजीला घट्ट धरून रडतो. त्याची आई काजूच्या कारखान्यात कामाला जाते, वडील मच्छीमार बोटीवर असतात. आजी त्याला खेळात गुंतवते आणि न सांगता निघून जाते. मग तो दाराकडे धावतो, अर्धा-पाऊण तास रडतो आणि त्याचे पाहून आणखी दोघे-तिघे सुरू होतात. मंडळातील ज्येष्ठ म्हणतात, चार दिवस रडू द्या, आपोआप गप्प होईल. आता जुलैचा पहिला आठवडा संपत आला. दारात त्याला घेताना मी नेमके काय करावे?
— एक बालवाडी शिक्षिका, वेंगुर्ले तालुका

उत्तर : सप्रेम नमस्कार.

दारात काय करावे हे मी सविस्तर लिहिणारच आहे, परंतु त्याआधी आजींचे न सांगता जाणे थांबले पाहिजे, कारण ते चालू असेपर्यंत तुमच्या दारातील कोणत्याही कौशल्याचा उपयोग होणार नाही. सव्वातीन वर्षांच्या मुलाला दिसेनासे झालेले माणूस जगात आहे हे कळते. मात्र ते केव्हा परत येईल याचा अंदाज त्याला स्वतःहून बांधता येत नाही. त्याने ठोकळे हातात घेतले आणि मान वर केली तेव्हा आजी नव्हती, असे दोन-तीनदा घडले की तो एक साधा हिशेब मांडतो: आपण खेळायला लागलो की आजी जाते. त्यामुळे तो खेळेनासा होतो आणि आजीवर पहारा ठेवतो. दारातच पदर घट्ट धरण्याचे कारण बहुधा हेच आहे, आणि ज्या खेळाने त्याला वर्गात रमवायचे तोच खेळ त्याच्या लेखी धोक्याची खूण होऊन बसतो.

आजींना हे सांगताना त्यांना दोष देऊ नका. नातवाचे रडे पाहवत नाही म्हणूनच त्या मागच्या मागे निघतात. त्यांना आधीच स्पष्ट सांगा की सांगून गेल्यावर पहिले दोन-तीन दिवस तो आजच्यापेक्षा मोठ्याने रडेल. ही कल्पना दिली नाही तर पहिल्याच दिवशी त्या घाबरून जुन्या वाटेला लागतील. आणखी एक गोष्ट त्यांच्याकडून मागून घ्या. घरी "रडलास तर बाई मारतील", "इथेच सोडून जाईन" किंवा "मी बाहेर बसलेय हो" यांपैकी काहीही बोलायचे नाही. पहिल्या दोन वाक्यांनी तुमची भीती बसते. तिसरे वाक्य खोटे असल्याचे तो खिडकीतून एकदा पाहतो आणि पुढे आजींच्या खऱ्या शब्दावरही विश्वास ठेवत नाही.

तुमच्या पत्रातील एक तपशील मला फार उपयोगाचा वाटतो. मुलाचे वडील बोटीवर असतात, आणि १ जून ते ३१ जुलै या पावसाळी मासेमारी बंदीच्या काळात यांत्रिक बोटी किनाऱ्यावर असतात. म्हणजे ते सध्या घरी असण्याची शक्यता आहे. त्यांना भेटून येत्या आठवड्यातील काही सकाळी मागून घ्या. शक्य असल्यास ही भेट त्यांच्या घरीच व्हावी. पडवीत वीस मिनिटे बसा, चहा घ्या, मुलाने दाखवले तर त्याचे कोंबडीचे पिल्लू पाहा, आणि त्याला जवळ बोलावू नका. आपले माणूस या बाईंशी मोकळेपणी बोलते हे त्याने स्वतःच्या अंगणात पाहिलेले असले की शाळेच्या दारात तुम्ही पूर्ण परक्या राहत नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये याच किनारपट्टीवर, उत्तरेला बोर्डी येथे काम सुरू केले, तेव्हा शाळेत न येणाऱ्या मुलांसाठी त्यांनी शाळाच वाड्यावस्त्यांच्या अंगणात नेली होती. आपल्याला तर एकदाच अंगणात जायचे आहे.

वडिलांच्या मदतीने सुरुवात नव्याने करावी. जर्मनीत १९८० च्या दशकात विकसित झालेली आणि बर्लिनच्या नावाने ओळखली जाणारी एक रुळवण्याची पद्धत आहे. ती मुख्यतः तीन वर्षांखालील मुलांसाठी असली तरी तिचा गाभा येथे लागू पडतो. पहिले तीन दिवस घरचे माणूस मुलासोबत वर्गात थोडा वेळ बसते आणि त्याला सोडून जाण्याचा प्रयत्नच होत नाही. चौथ्या दिवशी ते निरोप घेऊन बाहेर पडते, तेही जास्तीत जास्त अर्ध्या तासासाठी. चौथा दिवस सोमवारी येत असेल तर सोडून जाणे एक दिवस पुढे ढकलतात, कारण मूल नुकतेच सुटीचे घर अनुभवून आलेले असते.

तुमच्या मुलासाठी हे असे बसवता येईल. सोमवार ते बुधवार वडील त्याच्यासोबत ९ वाजता यावेत, एका ठरलेल्या कोपऱ्यात चटईवर बसावेत आणि साडेदहाला दोघांनी एकत्र घरी जावे. वडिलांनी त्याच्याशी खेळायचे नाही, त्याला "जा, खेळ जा" म्हणून ढकलायचे नाही आणि मोबाईलही पाहायचा नाही. त्यांनी फक्त दिसत राहायचे. मुलगा त्यांना चिकटून बसला तर बसू द्यावा. या तीन दिवसांत पुढाकार तुमचा, पण तो दुरून: त्याच्यापासून हातभर अंतरावर बसून पाण्याच्या घमेल्यात करवंटीने पाणी ओतत राहा आणि दुसरी करवंटी त्याच्या बाजूला ठेवून द्या. गुरुवारी वडील निरोप घेऊन वीस मिनिटांसाठी बाहेर जातील. तो रडला आणि तुमच्याकडून काही मिनिटांत शांत झाला, तर शुक्रवारी एक तास आणि पुढच्या आठवड्यात टप्प्याटप्प्याने पूर्ण वेळ करता येईल. तो शांत झालाच नाही तर वडिलांना लगेच आत बोलवा आणि आणखी तीन-चार दिवस नुसते सोबत बसणे चालू ठेवा. अशा मुलांना दोन ते तीन आठवडे लागू शकतात.

आता प्रत्यक्ष दाराकडे येऊ. त्याला रोज एकाच व्यक्तीने घ्यावे, आणि ती व्यक्ती तुम्ही असावे. मदतनीस ताई तेवढा वेळ आत बाकीच्या मुलांपाशी थांबतील. आज तुम्ही, उद्या त्या, परवा मंडळातील कोणी काका, असे झाले तर रोज नव्या माणसाला सामोरे जाण्याचे काम त्या मुलाला करावे लागते. त्याच्या घरच्यांना ९ ऐवजी पावणेनऊला बोलवा. तेव्हा दारात गर्दी नसते, तुमचे दोन्ही हात रिकामे असतात आणि त्याच्या रडण्याला साथ देणारे कोणी नसते.

पावसाळ्यात दारातला पहिला गोंधळ रेनकोटचा असतो, आणि त्याकडे आपले लक्ष जात नाही. रडणाऱ्या मुलाच्या अंगातून ओला, चिकटलेला रेनकोट परक्या हातांनी ओढून काढला की त्याला आपल्याला पकडल्यासारखे वाटते. म्हणून रेनकोट, पावसाळी चपला आणि ओले डोके हे सारे घरच्या माणसाने पडवीतच उरकावे, कोरडा टॉवेल तुम्ही तिथे ठेवलेला असावा, आणि तोपर्यंत तुम्ही त्याला हात लावू नये. त्याचा रेनकोट ठरावीक खुंटीवर त्याने स्वतः किंवा वडिलांच्या कडेवरून अडकवला तर उत्तमच, कारण जाताना तोच रेनकोट काढायचा असतो आणि घरी परत जायचे आहे याची ती खूण दिवसभर डोळ्यांसमोर राहते.

या वेळात तुम्ही त्याच्या उंचीला खाली बसा, परंतु थेट समोर नको, थोडे बाजूला. आधी मोठ्या माणसाशी दोन वाक्ये बोला आणि मग मुलाकडे वळा. "का रडतोस?" हा प्रश्न विचारू नका, उत्तर दोघांनाही ठाऊक आहे. "रडू नको", "मुलगे रडतात का", "तो बघ कसा शहाणा बसलाय" ही वाक्येही टाळा, कारण त्यातून त्याला एवढेच कळते की या बाईंना माझे दुःख नको आहे. जे आहे ते थोडक्यात त्याला सांगा: "आजी घरी जातेय. ती जाऊ नये असं तुला वाटतंय. डबा खाऊन झाला, गोष्ट झाली, की आजी येणार." घरी मालवणी बोलत असतील तर येथे प्रमाण भाषेचा आग्रह धरू नका. "आजी घराक गेली, डबो खाऊन झालो की येतली," हे रडण्याच्या भरात त्याला अधिक लवकर पोहोचेल. वेळ नेहमी अशा घडणाऱ्या गोष्टींनी सांगा. "बारा वाजता" आणि "थोड्या वेळाने" यांचा त्याला उपयोग नाही.

त्यानंतर निरोप. तो घरच्या माणसाने, स्वतःच्या तोंडाने, रोज त्याच शब्दांत घ्यावा. आजींनी त्याला जवळ घ्यावे, ठरलेले वाक्य म्हणावे आणि आपल्या हाताने त्याला तुमच्या हातात द्यावे. तुम्ही त्याला आजींपासून ओढून घेऊ नये. ओढून घेणारी बाई आणि आजीने जिच्याकडे सोपवले ती बाई यांतला फरक मुलाला नेमका कळतो. तो पदर सोडत नसेल तर बोटे सोडवण्याचे काम आजींनीच हलक्या हाताने करावे. तुम्ही त्याला कडेवर घेतले की त्याचे तोंड जाणाऱ्या आजींकडे असू द्या, त्याला पाठमोरा वळवू नका, आणि फाटकापर्यंत तिला जाताना पाहू द्या. आजींनी एकदा हात हलवला की मागे वळायचे नाही आणि परत यायचे नाही. येथेच सर्वांत अधिक चुका होतात: दहा पावलांवर गेलेल्या आजी रडे ऐकून परततात, पुन्हा कुरवाळतात, आणि पुरेसे मोठ्याने रडले तर जाणे थांबते हे मुलाला त्या दिवशी कळते. निरोपाला दोन-तीन मिनिटे पुरतात. लांबलेल्या निरोपात मुलापेक्षा मोठ्या माणसाची घालमेल जास्त असते, आणि ती मुलाला जाणवते.

आजी दिसेनाशा झाल्यानंतरची पाच-दहा मिनिटे तुमची. लगेच भोपू, बाहुली, मोर दाखवून लक्ष उडवण्याची घाई करू नका. मोबाईल आणि चॉकलेट तर नकोच. रडणे हा खाऊ मिळवण्याचा मार्ग ठरू शकतो आणि मोबाईल काढून घेताना दुसरे रडे सुरू होते. कडेवर किंवा मांडीवर घेऊन रोज त्याच जागी बसा, कमी बोला, श्वास संथ ठेवा. त्याला स्पर्श नको असेल तर जवळ बसा, पण उठून जाऊ नका. आजींच्या जुन्या लुगड्याचा हातरुमालाएवढा तुकडा त्याच्या खिशात असू द्या. तो धुऊन पाठवू नये असे आजींना सांगा, कारण त्याचे सारे महत्त्व वासात आहे. हुंदक्यांमधील अंतर वाढले की तेच पाण्याचे घमेले किंवा ओल्या वाळूचे ताट पुढे सरकवा. चित्र रंगवणे किंवा कोडे जुळवणे या वेळी जमत नाही. ओतणे, भरणे, दाबणे, चोळणे जमते. शिंपले पाण्यात टाकून काढत बसण्यात मी अनेक मुले शांत होताना पाहिली आहेत, आणि त्यांच्यातील कोणालाही मी "आता गप्प झालास ना, शहाणा!" असे म्हटलेले नाही. तसे म्हटले की हुंदका परत येतो.

बाकीच्या दोन-तीन मुलांचे रडणे हा वेगळा आजार समजू नका. एकाचे रडे ऐकून दुसऱ्याला स्वतःची आई आठवते, एवढेच. हा मुलगा पावणेनऊला येऊन, इतरांची गर्दी होईपर्यंत थोडा स्थिरावला तर ते बरेच कमी होईल. मदतनीस ताईंनी आत हालचालीचे एखादे गाणे सुरू ठेवावे. रडणाऱ्या मुलाला वर्गाबाहेर किंवा शेजारच्या खोलीत नेऊन बसवणे मात्र टाळावे. आजीपासून दूर झालेल्या मुलाला वर्गापासूनही दूर करण्यात काही अर्थ नाही.

दुपारी आजींनी १२ वाजता नव्हे, पहिले तीन आठवडे पावणेबारालाच यावे. सगळ्यांना न्यायला कोणी ना कोणी आले आणि आपणच उरलो, या एका प्रसंगाने सकाळचे सारे काम वाया जाऊ शकते. गोष्ट संपताच आजी दारात दिसल्या तर सकाळचा शब्द खरा ठरतो. एसटी चुकेल किंवा ओढ्याला पाणी येईल अशी भीती असलेल्या दिवशी त्याला सकाळीच सांगा की आज कोण न्यायला येईल. आजींना पाहून तो पुन्हा रडला तर घाबरू नका. दिवसभर सांभाळून ठेवलेले तो आपल्या माणसाकडे मोकळे करतो. आजींना दिवसाचा वृत्तांत खरा द्या, "दहा मिनिटं रडला, मग वाळूत खेळला, अर्धी पोळी खाल्ली," आणि तो त्याच्यासमोर, त्याला सामील करून द्या.

सुधारणा होते आहे की नाही हे रडण्याच्या आवाजावरून ठरवू नका. एक वही ठेवा आणि रोज चार गोष्टी लिहा: निरोपानंतर किती मिनिटांत शांत झाला, डबा खाल्ला का, लघवीला जायचे असल्याचे सांगितले का, आणि पडल्यावर किंवा घाबरल्यावर तो तुमच्याकडे आला का. शेवटची नोंद मला सर्वांत महत्त्वाची वाटते. तो दारात अजून रडतो, पण पाच मिनिटांत शांत होतो आणि गुडघा खरचटल्यावर तुमच्याकडे धावत येतो, तर काम नीट चालले आहे. दारातले रडे त्यानंतरही काही दिवस राहील आणि बऱ्याचदा अचानक थांबेल.

मंडळातील ज्येष्ठांचे म्हणणे याच ठिकाणी तपासून पाहावे लागते. रडू दिले तर मूल गप्प होते हे त्यांचे निरीक्षण खोटे नाही. गप्प होण्याचे प्रकार मात्र दोन आहेत. जेम्स रॉबर्टसन यांनी विसाव्या शतकाच्या मध्यास लंडनमध्ये रुग्णालयात एकट्या ठेवलेल्या लहान मुलांचे निरीक्षण केले. त्यांना आढळले की मूल आधी जोराने निषेध करते, मग खचते, आणि त्यानंतर वरवर शांत व आज्ञाधारक दिसते. कर्मचारी त्याला रुळलेले समजत, प्रत्यक्षात त्याने आशा सोडलेली असे. तुमचा तीन तासांचा वर्ग म्हणजे रुग्णालय नव्हे आणि दुपारी त्याचे घर आहेच, त्यामुळे ही तुलना फार ताणू नये. तरीही दप्तर पाठीवरून न उतरवता भिंतीशी बसणारे, न खाणारे, न बोलणारे मूल "किती शांत" म्हणून तुमच्या नजरेतून सुटू नये. तुमच्या १८ मुलांत असे एखादे असेल, तर या रडणाऱ्या मुलाआधी त्याच्याकडे पाहा. ज्येष्ठांना वाद न घालता दोन आठवड्यांनी वही दाखवा.

दोन आठवडे हे सारे नीट करूनही शांत व्हायला रोज अर्धा तासच लागत असेल, तर कारण निरोपात नसून वर्गात असू शकते. पत्र्यावर कोसळणाऱ्या पावसाचा आवाज, अंधारे मागचे स्वच्छतागृह, ढकलणारा एखादा मोठा मुलगा, यांपैकी काय आहे ते त्याच्या नजरेवरून शोधा. तो कोणत्या क्षणी कोठे पाहून बिथरतो हे वहीत लिहा. रोज उलटी होणे, वर्गात पाण्याचा घोटही न घेणे, घरी झोपेतून दचकून उठणे किंवा आधी बोलणारे मूल बोलेनासे होणे अशी लक्षणे दिसली तर वर्गाचा वेळ तासाभरावर आणा आणि बालरोगतज्ज्ञांना दाखवण्यास घरच्यांना सांगा.

शेवटी तारखांचे. वडिलांच्या सोबतीने सुरुवात केली तरी ऑगस्टपासून बोटी समुद्रात जातील आणि त्याला पोहोचवायला पुन्हा आजीच येतील. म्हणून जुलैच्या शेवटच्या आठवड्यात वडिलांनी घरीच थांबावे आणि आजींनी नव्या रीतीने निरोप घ्यायला सुरुवात करावी, म्हणजे वडिलांचे दूर जाणे आणि दारातला बदल एकाच दिवशी येणार नाहीत. वडील समुद्रावर गेल्यानंतरच्या दिवसांत तो पुन्हा रडेल असे गृहीत धरा. तसेच गणपतीच्या सुटीत घर मुंबईहून आलेल्या चाकरमान्यांनी भरलेले असते, दिवसभर कोणी ना कोणी त्याला कडेवर घेते, आणि ते सारे गेल्यावर लगेच शाळा सुरू होते. त्या पहिल्या दोन-तीन दिवसांसाठी आजींना आधीच सांगून ठेवा की पुन्हा पावणेनऊला यायचे, पावणेबाराला न्यायचे, आणि लुगड्याचा तुकडा खिशात घालायला विसरायचे नाही.